माका, कढीनिंब व जास्वंद : केसांचे घरगुती तेल आणि त्यामागील पुरावा

भाताच्या बांधावर, पाटाच्या कडेस व उसाच्या सरीत श्रावण-भाद्रपदात माका मातून उठतो आणि खुरपणीत तण म्हणून उपटला जातो. पितृपक्षात त्याच्या चार जुड्या देव्हाऱ्यापाशी येतात. बाकीचा बांधावरच वाळून जातो. याच माक्याला वैद्यकात भृंगराज म्हणतात आणि त्याच्या नावाने विकले जाणारे तेल बाजारात चांगल्या मोलाने खपते. परसातील जास्वंद व कढीनिंब यांचीही गोष्ट तशीच आहे. या तिन्ही वनस्पती ज्याच्या घरच्या आहेत त्यानेच त्यांचे तेल बाटलीने विकत आणावे, हे आम्हास चमत्कारिक वाटते. तथापि घरी केलेले तेल बहुधा दोन प्रकारांनी बिघडते. एक, ते करताना बिघडते. दुसरे, त्याजकडून नको त्या गुणाची अपेक्षा धरली जाते. या दोन्ही गोष्टींचा विचार आम्ही येथे करणार आहो.

प्रथम माका ओळखण्याविषयी, कारण येथेच पहिली चूक होते. खरा माका ओलीचा रहिवासी आहे. त्याची पाने समोरासमोर, देठाविना खोडास चिकटलेली, भाल्याच्या आकाराची व हातास खरखरीत लागणारी असतात. फूल लहान, बटणासारखे व सर्वच पांढरे. मधली चकतीदेखील पांढुरकीच असते. फूल झडल्यावर मागे हिरवी चपटी बोंडी राहते व तीत काळपट बी दाटीने बसलेले असते. याच्या जागी पुष्कळ ठिकाणी एकदांडी, जिला कोठे दगडी पाला म्हणतात, ती भृंगराज म्हणून गोळा केली जाते. एकदांडी कोरड्या माळावर, रस्त्याच्या कडेस व घराच्या चौथऱ्यालगत वाढते. तिचे फूल लांब उघड्या दांडीवर एकटेच उभे असते, मधली चकती पिवळी असते आणि बी तुसाच्या छत्रीवर वाऱ्याने उडते. माक्याचे बी असे उडत नाही. बागांतून लावलेली व ओढ्याकाठी पसरलेली पिवळ्या फुलांची एक वेलही माका म्हणून दाखविली जाते; वैद्य ज्यास पिवळा माका म्हणतात तो निराळा, ही वेल निराळी, आणि आपणास हव्या असलेल्या माक्याहून दोन्ही निराळ्या.

तरीही संशय राहिलाच तर एक सोपी परीक्षा आहे. कोवळे खोड नखाने चिरडून तळहातावर चोळावे. माका असेल तर हिरवा रस थोड्याच वेळात काळवंडतो व तो डाग साबणानेही लवकर जात नाही. एकदांडीचा रस असा काळा होत नाही. ज्या बायका माका वाटतात त्यांची बोटे दोन दिवस काळी राहतात, हा अनुभव कित्येकांस असेल. केस काळे करण्याची माक्याची कीर्ती निदान काही अंशी या डागातूनच निघाली असावी, असे आमचे मत आहे. ताजा रस पांढऱ्या केसास लावला तर केसावर रंग चढतो. तो केस मुळातून काळा निघू लागला असे त्यावरून ठरत नाही. तीन आठवड्यांनी भांगापाशी पाहिले म्हणजे खरे काय ते कळते.

पाला कोठून घ्यावा, हा प्रश्न आमच्या वाचकांस आम्ही मुद्दाम विचारतो. हल्ली उसात व भातात तणनाशकाची फवारणी सर्रास होते आणि फवारलेल्या बांधावरील माका मरण्यापूर्वी आठ-दहा दिवस हिरवा दिसू शकतो. गावाच्या गटाराकाठचा माका सर्वांत टवटवीत असतो, पण तो ज्या पाण्यावर पोसला ते पाणी आपण तोंड धुण्यासही घेणार नाही. कढीनिंबाचे तसेच आहे. विक्रीसाठी लावलेल्या बागेतील पाल्यावर किडीसाठी औषधे मारलेली असतात, आणि अशा कित्येक औषधांचा स्वभाव असा की ती पाण्यात थोडी व तेलात पुष्कळ विरघळतात. तो पाला भाजीच्या फोडणीत पाच-सात पाने पडतो तेव्हा गोष्ट वेगळी. मूठ-मूठ पाला वाटून तेलात कढविला म्हणजे पाण्याने धुऊन न निघालेले औषधही तेलात उतरते. सबब परसातला, न फवारलेला पालाच घ्यावा. विहिरीच्या डोणीलगत माक्याची चार रोपे राखली तर घरापुरता पाला सहज होतो. त्यास निराळी मशागत लागत नाही.

आता तेलाची कृती. वैद्यकात तेल सिद्ध करण्याचे जे सर्वसाधारण प्रमाण शार्ङ्गधरसंहितेत सांगितले आहे ते असे : वाटलेल्या पाल्याचा, म्हणजे कल्काचा एक भाग, तेलाचे चार भाग आणि रसाचे किंवा काढ्याचे सोळा भाग. घरगुती तेल ज्या रीतीने करतात तीत रस मुळीच नसतो. मूठभर पाने व फुले तापलेल्या तेलात टाकतात, ती काळी कोळसा होईतो तळतात आणि तेल काळे झाले म्हणजे गुण उतरला असे समजतात. हे तेल काळे होते ते पाला जळाल्यामुळे. शास्त्रातील कृतीत मात्र रसाचे पाणी असेतोवर कढईतील उष्णता पाणी उकळण्याच्या मर्यादेपलीकडे, म्हणजे शंभर अंशांच्या फारशी वर, जात नाही. तेल व रस तासन् तास एकत्र खदखदतात, पाल्यातील तेलात विरघळणारे पदार्थ सावकाश तेलात येतात आणि काही जळत नाही. सोळा भाग रस घालण्यातील मर्म हेच असावे. पूर्वीच्या लोकांपाशी उष्णतामापक नव्हता; त्यांनी पाण्याकडूनच ते काम करून घेतले.

घरी एका खेपेस पाव किलो तेल पुरे. त्यास वरील प्रमाणाने एक लिटर रस व साठेक ग्रॅम कल्क लागतो. माका मुळासकट उपटून, मुळे कापून, तीन-चार पाण्यांनी धुवावा व सावलीत वरचे पाणी निथळू द्यावे. मग पाट्यावर किंवा यंत्रावर बारीक वाटून जाड फडक्यातून पिळावा. पाला कितीसा लागेल हे त्याच्या ओलाव्यावर आहे. पावसाळ्यातला पाला दोन-तीन किलो घ्यावा लागतो. रस कमी भरला तर चोथ्यावर थोडे पाणी घालून पुन्हा वाटून पिळावे. रस काढल्यावर तो ठेवू नये, त्याच दिवशी अग्नीवर चढवावा. रात्रभर राहिलेल्या रसास आंबूस वास येतो. कल्कासाठी कढीनिंबाची पाने दांड्या काढून, धुऊन, थोडा रस शिंपडून गुळगुळीत वाटावीत.

तेल तिळाचे घ्यावे की खोबऱ्याचे, याविषयी देशावर व कोकणात कधीच एकमत व्हावयाचे नाही. ग्रंथांतील भृंगराज तेल तिळाच्या तेलाचे आहे. परंतु केसाच्या काडीचा विचार केला तर आमचा कल खोबरेलाकडे आहे. त्याचे कारण पुढे पुराव्याच्या भागात येईल. कोणतेही घेतले तरी ते घाण्याचे, ताजे व वासास निर्मळ असावे. खवट तेल कढवून ताजे होत नाही.

कढई जाड बुडाची व मोठी घ्यावी. सव्वा लिटर माल असेल तर निदान तीन लिटर मावेल एवढी. रस उकळू लागला की फेस वर चढतो, आणि लहान पातेल्यातून तो उतू जाऊन चुलीत पडला म्हणजे भडका उडतो. आमच्या घरी पहिल्या खेपेस असेच झाले व पदर थोडक्यात वाचला. तेव्हापासून आम्ही हे काम अंगणातील चुलीवर, लहान मुले दूर ठेवून करतो. आधी थंड तेलात कल्क कालवावा, मग थंड रस ओतावा आणि मग विस्तव लावावा. तापलेल्या तेलात ओला पाला किंवा रस कधीही टाकू नये. पाण्याची एकदम वाफ होऊन उकळते तेल अंगावर उडते.

मंद अग्नीवर, बुडाशी लाकडी उलथणे फिरवीत राहिल्यास पाणी आटण्यास अडीच-तीन तास लागतात. पहिले दोन तास काही पाहावयाचे नसते. खरी दक्षता शेवटच्या अर्ध्या तासात हवी, कारण पाणी संपले की उष्णतेवरील लगाम सुटतो आणि दहा मिनिटांत तेल करपते. पाणी संपत आल्याच्या खुणा अशा. मोठे, जाड बुडबुडे जाऊन बारीक फेस येऊ लागतो. तेलाच्या पाकात शेवटी असा फेस येतो, तर तुपाच्या पाकात उलट असलेला फेस शमतो, असे ग्रंथकारांनीही नमूद केले आहे. दुसरी खूण कल्काची : थोडा कल्क उलथण्यावर काढून निवल्यावर बोटांत वळून पाहावा. चिखलासारखा बोटांस चिकटत असेल तर पाणी आहे. त्याची मऊ वात वळली गेली तर पाक झाला. वाळूसारखा कुरकुरला तर वेळ निघून गेली. तिसरी खूण सर्वांत भरवशाची. कापसाची वात त्या तेलात बुडवून पेटवावी. ती तडतडली तर पाणी राहिले आहे. शांतपणे जळली तर कढई उतरवावी. केसांस लावावयाच्या तेलास मऊ वातीचा, म्हणजे मध्यम पाक पुरे.

उतरविल्यावर तेल कोमट होईतो तसेच राहू द्यावे, मग कोरड्या फडक्याने गाळावे. फडके, बाटली व झाकण ही तिन्ही उन्हात कडकडीत वाळविलेली असावीत. तेल हिरवट-काळसर होते. माक्याचा उग्र व कढीनिंबाचा तिखट वास त्यास येतो. करपट वास आला तर ते टाकून द्यावे. दोन-चार दिवसांनी बाटलीच्या बुडाशी गढूळ थर किंवा पाण्याचे थेंब दिसले तर पाक कच्चा राहिला असे समजावे. असे तेल पुन्हा कढईत घालून मंदाग्नीवर वातीची परीक्षा होईतो ठेवावे. या थरातच पुढे बुरशी धरते. बुरशी धरलेले किंवा खवट झालेले तेल मात्र दुरुस्त होत नाही.

आमच्या या कृतीत जास्वंद कोठे आली नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. ती आम्ही बुद्ध्याच वगळली आहे. जास्वंदीच्या पानाफुलांत बुळबुळीत चिकट द्रव्य पुष्कळ असते. ते पाण्यात फुगते, तेलात विरघळत नाही. ओली फुले तेलात कढविली म्हणजे हे द्रव्य कढईच्या बुडाशी लगदा होऊन बसते व सर्वांआधी करपते. म्हणजे जास्वंदीची जी उघड दिसणारी उपयुक्त गोष्ट, तीच आपण जाळून टाकतो आणि वर तेलही बिघडवितो. केरळात जास्वंदीचा पाला पाण्यात चोळून त्याचा बुळा न्हाण्यास वापरतात व त्यास ताळी म्हणतात. ती रीत आम्हास जास्त शहाणपणाची वाटते.

ते करण्यास तासाभराचे काम आहे. एकेरी, पाच पाकळ्यांच्या तांबड्या जास्वंदीची पंचवीस-तीस कोवळी पाने व चार-पाच फुले घ्यावीत. फुलांतील परागाची दांडी व हिरवा देठ काढावा. अर्धा लिटर पाण्यात ती तासभर भिजवून हाताने चांगली चोळावीत. पाणी अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखे तार धरू लागले की फडक्यातून गाळून घ्यावे. आधी तेल लावलेल्या केसांस हे लावून दहा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवावे. याने केस सुटे होतात, गुंता फणीस सहज निघतो व फणीने तुटणारे केस कमी होतात. मात्र मळ काढण्याची शक्ती यात थोडी. डोके फार मळलेले असेल तर यात शिकेकाईचे पाणी मिसळावे. ज्या गावी विहिरीचे पाणी जड आहे तेथे याचा विशेष उपयोग दिसतो. जड पाण्यातील चुन्याशी साबणाचा संयोग होऊन जो चिकट पांढरा साका केसांवर बसतो, तो या बुळ्याने बसत नाही. हे पाणी त्याच दिवशी संपवावे. दुसऱ्या दिवशी त्यास आंबट वास येतो आणि मग ते टाळूस खाज आणते.

आता पुराव्याकडे वळू. शेतकऱ्यास पुराव्याची भाषा परकी नाही. नवे खत आले तर आपण सगळ्या शेतात ते टाकीत नाही. शेजारी एक वाफा बिनखताचा ठेवतो व सुगीत दोहोंची तुलना करतो. केसांच्या तेलाविषयी प्रश्न एवढाच, की असा बिनखताचा वाफा कोणी ठेवला काय?

प्रयोगशाळेत ठेवला गेला आहे. चेन्नई येथील मध्यवर्ती चर्मसंशोधन संस्थेतील संशोधकांनी 2003 साली जास्वंदीविषयीचे काम प्रसिद्ध केले. पाने व फुले यांचा अर्क पेट्रोलियम ईथर या द्रावकात काढून त्यांनी तो पांढऱ्या उंदरांच्या कातरलेल्या पाठीवर लावला आणि केसांची मुळे बशीत ठेवूनही पाहिले. वाढीस मदत झाली, आणि तीत पानांचा अर्क फुलांच्या अर्काहून सरस ठरला. फुलासाठी झाड ओरबाडणारांनी हे लक्षात घेण्याजोगे आहे. ज्यांस जास्वंद तेलात हवीच असेल त्यांनी आमच्या मते पाने सावलीत खडखडीत वाळवून, माक्याच्या तेलाचा पाक झाल्यावर, कढई उतरवून, कोमटाहून थोड्या अधिक ऊन तेलात ती चुरून रात्रभर ठेवावीत व सकाळी गाळावे. कोरड्या पानातील बुळा पाण्यावाचून फुगत नाही.

माक्याविषयी सागर येथील विद्यापीठातील संशोधकांचा प्रयोग 2008 साली प्रसिद्ध झाला. नर उंदरांवर माक्याचा अर्क लावला असता केस उगवण्यास लवकर सुरुवात झाली आणि वाढत्या अवस्थेतील मुळांची संख्या काही न लावलेल्या उंदरांहून अधिक भरली. मिनॉक्सिडिल हे डॉक्टर देतात ते औषधही तुलनेस ठेवले होते. पुढल्याच वर्षी, 2009 साली, काळ्या जातीच्या लहान उंदरांवर मेथॅनॉलमध्ये काढलेल्या अर्काने तसाच परिणाम दिसल्याचे दुसऱ्या संशोधकांनी प्रसिद्ध केले. म्हणजे माक्यात काहीतरी आहे, हे म्हणण्यास आधार आहे.

परंतु येथून आपल्या बाटलीपर्यंत येण्यास मध्ये दोन नद्या आहेत. पहिली ही, की उंदरांस लावलेला अर्क तीव्र द्रावकात काढून आटविलेला होता; आपल्या तेलात त्यातले किती उतरते याचे मोजमाप झालेले नाही. शिवाय तसे द्रावक घरी आणून अर्क काढण्याच्या फंदात कोणी पडू नये. ते स्फोटक व विषारी असतात. दुसरी नदी जास्त रुंद आहे. उंदराच्या पाठीवरील केस पट्ट्यापट्ट्यांनी एकाच वेळी झोपतात व एकाच वेळी जागे होतात. कातरलेले, निजलेले केस काही दिवस आधी जागे झाले, एवढेच त्या प्रयोगाने कळते. माणसाच्या डोक्यावर प्रत्येक केसाची घडी निराळी चालते, आणि पुरुषांच्या टकलात मुळेच बारीक होत जातात. ते टक्कल या तेलाने भरून येते असे दाखविणारी भरवशाची, माणसांवरील तुलनेची चाचणी झालेली नाही.

कढीनिंबाचा पुरावा याहून तोकडा. त्याच्या पाल्यात कार्बाझोल जातीचे क्षारधर्मी पदार्थ आहेत व त्यांवर रसायनशास्त्रज्ञांनी पुष्कळ काम केले आहे; त्यांपैकी मुरायानीन नावाचा पदार्थ 1965 साली भारतीय शास्त्रज्ञांनीच वेगळा केला. पण त्या कामाचा विषय केस नव्हता. पाने खाल्ल्याने वा लावल्याने पांढरे केस काळे होतात, हा समज माणसांवर तपासून सिद्ध झालेला नाही. आमच्या कृतीत कढीनिंब आहे तो सुवासासाठी व वडिलार्जित रिवाज म्हणून, असे प्रामाणिकपणे म्हणणे बरे.

सर्वांत सरळ पुरावा तेलाचाच आहे. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबईतील एका प्रयोगशाळेच्या कामात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल व खनिज तेल यांची तुलना केसांवर केली होती. धुण्यापूर्वी किंवा धुतल्यावर खोबरेल लावले असता केसातील प्रथिनांची झीज कमी झाली; बाकीच्या दोहोंनी तसे झाले नाही. खोबरेलातील मुख्य आम्ल लहान व सरळ बांधणीचे असल्यामुळे ते केसाच्या आत शिरते, असे त्याचे कारण दिले आहे. ही प्रयोगशाळा खोबरेल विकणाऱ्या कंपनीची होती हे सांगणे आमचे कर्तव्य आहे; तरी प्रयोगाची रीत उघड व पुन्हा करून पाहण्याजोगी होती. बाजारातील कित्येक वनस्पती-तेलांत आधार म्हणून हेच खनिज तेल असते. लेबलावर लिक्विड पॅराफिन हे शब्द शोधावेत.

एवढा पुरावा असता, तेलाने केसगळती थांबल्याचे घरोघर शपथेवर का सांगितले जाते? आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात दोन जावांची बाळंतपणे गेल्या ज्येष्ठात पंधरा दिवसांच्या अंतराने झाली. भाद्रपदात दोघींचेही केस मुठीने जाऊ लागले. थोरलीने आश्विनात माक्याचे तेल धरले. पौषात तिची गळती थांबली, आणि माघात भांगाजवळ बोटभर नवे केस उभे राहिले. तेलाची ख्याती गावभर झाली. धाकटी माहेरी होती, तिने साधे खोबरेलसुद्धा नेमाने लावले नाही. संक्रांतीस ती परत आली तेव्हा तिचीही गळती थांबलेली होती व तिच्याही भांगाशी तसेच नवे केस होते. धाकटी जाऊ हा त्या घरातील बिनखताचा वाफा होता, पण तिकडे कोणी पाहिले नाही.

याचे कारण असे. बाळंतपण, टायफॉइड, डेंग्यू किंवा मोठे आजारपण यांनी पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात व दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. मूळ शाबूत असते, म्हणून बहुधा सहा महिन्यांत, कधी वर्षात, ते आपोआप पुन्हा येतात. गळती ऐन भरात असता माणूस तेल शोधतो, आणि तेल लावल्यावर गळती कमी होण्याचीच वेळ आलेली असते. शिवाय केस महिन्यास सुमारे एक सेंटिमीटर वाढतो व दररोज पन्नास ते शंभर केस निरोगी डोक्यावरूनही गळतात. आठ दिवसांत गुण आला असे जो म्हणतो त्याने केस मोजलेले नसतात. मोजावयाचे असतील तर रीत अशी : आठवड्यातून एका ठरावीक दिवशी, न्हाण्यापूर्वी, एक मिनिट घड्याळ लावून विंचरावे आणि पांढऱ्या फडक्यावर पडलेले केस मोजून वहीत लिहावेत. तेल सुरू करण्यापूर्वीचे चार आठवडे लिहिले असतील तर पुढील आकड्यांस काही अर्थ येतो.

या समजुतीने होणारे नुकसान पैशाचे नसून वेळेचे आहे. मुलाच्या डोक्यावर केस तुटलेला, कोंडा सुटलेला गोल डाग हा बुरशीचा असू शकतो. त्यास पोटातून औषध लागते आणि तेल चोळीत बसल्याने तो भावंडांस लागतो. गुळगुळीत चाई पडणे हे निराळे. तिलाही वैद्यकीय सल्ला हवा. विशीत केस पांढरे होणे, त्याबरोबर थकवा व हातापायांस मुंग्या येणे, हे शरीरात ब-12 जीवनसत्त्व कमी पडल्याचे चिन्ह असू शकते; शाकाहारी घरांतून हे विशेष आढळते व ते साध्या रक्ततपासणीने कळते. थायरॉइडच्या विकारातही केस जातात. अशा माणसाने माक्याचे तेल लावण्यास हरकत नाही, मात्र तपासणी त्यासाठी पुढे ढकलू नये.

तेल लावण्याची रीत थोडक्यात सांगतो. प्रथम कोपराच्या आतील बाजूस दोन थेंब लावून दोन दिवस वाट पाहावी. खाज किंवा लाली आली तर ते तेल आपल्यासाठी नाही. नंतर आठवड्यातून एक-दोन वेळा, न्हाण्यापूर्वी दोन तास, दोन चहाचे चमचे तेल टाळूपेक्षा केसांच्या लांबीवर व टोकांवर अधिक लावावे. जोराने चोळू नये. ओढाताणीत केस तुटतात. ज्यांस चिकट कोंडा आहे त्यांनी टाळूस तेल लावूच नये, कारण त्या कोंड्याशी संबंध असलेली बुरशी तेलातील स्निग्ध आम्लांवरच पोसते आणि तेलाने कोंडा दबल्यासारखा दिसून आतून वाढतो. कपाळावर बारीक पुळ्या उठू लागल्या तर रात्रभर तेल ठेवणे बंद करावे. जुनी उशीची खोळ वापरावी. माक्याचा डाग धोब्यालाही निघत नाही.